आधी मूळ, मग फॉरवर्ड

एका गल्लीत मुलं क्रिकेट खेळतायत. चित्रण वरच्या कोपऱ्यातून, सीसीटीव्हीसारखं. मोटारसायकलवरून दोघं जण येतात, मुलांजवळ गाडीचा वेग कमी होतो, मागे बसलेला माणूस एका लहानग्याला उचलतो आणि गाडी भरधाव निघून जाते. व्हिडिओ इथे संपतो.

2018 च्या उन्हाळ्यात हा व्हिडिओ आपल्या देशात फोनाफोनांतून फिरत होता. सोबतचा मजकूर गावागणिक बदलायचा, पण आशय एकच असायचा: मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, अनोळखी माणूस दिसला तर सावध राहा. अशाच अफवांनी तापलेल्या वातावरणात 1 जुलै 2018 ला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावाच्या आठवडी बाजारात पाच जण आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. लोकांना ते टोळीतले वाटले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. पुढे 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणात सात जणांना जन्मठेप सुनावली.

आता तो गल्लीतला व्हिडिओ जिथून आला तिथे जाऊ. तो भारतातला नव्हताच. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या कराचीतल्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेने 2016 साली केलेली ती जनजागृतीची जाहिरात होती. मूळ जाहिरातीत गाडी परत येते. मुलाला सुखरूप खाली उतरवलं जातं आणि ते दोघं कॅमेऱ्यासमोर फलक धरतात. कराचीच्या रस्त्यावरून मूल उचलायला क्षणभरच लागतो, आपल्या मुलांवर लक्ष ठेवा, असा त्या फलकांचा मतलब. कुणीतरी हा शेवट कापला आणि उरलेला तुकडा पुढे ढकलला. सावध करण्यासाठी केलेली जाहिरात अशी घबराट पसरवण्याच्या कामी आली.

या व्हिडिओकडे बारकाईने पाहून तुम्हांला काय सापडलं असतं? काहीच नाही. त्यात कुणाचा चेहरा बदललेला नव्हता, सावली चुकीची पडत नव्हती, कुठे जोड दिसत नव्हता. प्रत्येक चौकट खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली होती. कितीही तीक्ष्ण नजरेच्या माणसाने तो शंभर वेळा पाहिला असता तरी खोटेपणा हाती लागला नसता, कारण तो त्या तुकड्यात नव्हताच. तो कापून टाकलेल्या भागात होता.

म्हणून आज तुमच्याशी बोलायचंय ते एकाच सवयीबद्दल. खोटं ओळखण्याच्या दहा युक्त्या पाठ करू नका. त्या दर वर्षी शिळ्या होतात. 2018 मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनी इथल्या संशोधकांनी दाखवलं होतं की डीपफेक व्हिडिओतली माणसं नीट पापण्या लववत नाहीत. थोड्याच काळात डीपफेक बनवणाऱ्यांनी ती त्रुटी दूर केली. मग बोटं मोजा असं लोक सांगू लागले, तर बोटंही हळूहळू पाच येऊ लागली. सवय अशी हवी की जी तंत्र बदललं तरी बदलावी लागणार नाही.

सवय कोणती?

एखादी गोष्ट पुढे पाठवावीशी वाटली की आपण नकळत स्वतःला विचारतो, “हे खरं वाटतंय का?” हा प्रश्न सोडून द्या. वाटण्यावर आपल्या भीतीचा, रागाचा, आवडीनिवडीचा ताबा असतो. ज्याला बाहेरगावच्या माणसांची आधीच भीती वाटते, त्याला कराचीचा व्हिडिओ खरा वाटणारच. त्याऐवजी विचारा: “हे पहिल्यांदा कुठे आलं, आणि केव्हा?” उत्तर शोधा, मूळ वस्तू पूर्ण पाहा, मगच पाठवायचं की नाही ते ठरवा. आधी मूळ, मग फॉरवर्ड. सवय एवढीच.

लक्षात घ्या, ज्याने तुम्हांला पाठवलं तो मूळ नसतो. मावशी खोटं बोलणार नाही हे अगदी खरं, पण मावशीने ते चित्रित केलेलं नाही. तिला ते सोसायटीच्या ग्रुपवर मिळालं, तिथे कुणाला भिशीच्या ग्रुपवरून. व्हॉट्सअॅप याची खूणही देतं. मेसेजवर एक बाण असेल तर तो कुणाकडून तरी पुढे आलेला असतो. दोन बाण असतील तर तो मुळात पाठवणाऱ्यापासून किमान पाच हात फिरून तुमच्यापर्यंत पोहोचलाय. 2018 च्या त्या घटनांनंतरच भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली, आणि 2020 पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दोन बाण म्हणजे मेसेज खोटाच असं नाही. त्यांचा अर्थ एवढाच की पाठवणारा साक्षीदार नाही.

शोधायचं कसं?

कराचीचाच व्हिडिओ आज तुमच्या फोनवर आला असं धरू आणि एकेक पायरी करून पाहू.

शोधयंत्राला तुमच्या व्हॉट्सअॅपमधला व्हिडिओ जसाच्या तसा देऊन मूळ सापडत नाही. पण चित्र देता येतं. म्हणून व्हिडिओतली एक चौकट निवडायची. व्हिडिओ सुरू करा आणि योग्य जागी थांबवा. योग्य जागा म्हणजे चित्र हललेलं नाही, धूसर नाही आणि मागची जागा ओळखता येईल अशी दिसतेय. नुसत्या चेहऱ्यापेक्षा गल्ली, भिंत, मोटारसायकल आणि मुलं एकत्र दिसणारी चौकट जास्त कामाची, कारण तशी मांडणी जगात दुसरीकडे सापडणं कठीण. तिथे स्क्रीनशॉट घ्या.

मग स्क्रीनशॉट कापा. वरची बॅटरी आणि वेळ दाखवणारी पट्टी, आजूबाजूच्या काळ्या पट्ट्या, कुणी चिकटवलेला “सावधान! नक्की पाहा” हा लाल मजकूर, सगळं काढून फक्त मूळ चित्र ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मग शोधयंत्र लाल पट्टीशी जुळणारी चित्रं शोधत बसतं आणि “काही सापडत नाही” म्हणून ते कंटाळून सोडून देतात.

आता फोनवर गूगलचं अॅप उघडा. शोधायच्या चौकटीत कॅमेऱ्याचं चिन्ह दिसेल, त्याला गूगल लेन्स म्हणतात. त्यात हा स्क्रीनशॉट द्या. संगणकावर हेच काम images.google.com वर होतं. उत्तरात आधी येतात ती दिसायला सारखी चित्रं, म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या गल्लीतल्या दुसऱ्या मोटारसायकली. त्यांचा उपयोग नाही. तंतोतंत जुळणारी चित्रं वेगळी दाखवण्याची सोय असते, ती निवडा. मग तुमची चौकट ज्या ज्या पानांवर आहे ती पानं समोर येतात. त्यांतलं सगळ्यांत जुनं शोधा. गूगल तारखेच्या क्रमाने लावून देत नाही, पण tineye.com या दुसऱ्या शोधयंत्रात सर्वांत जुनं आधी दाखवण्याचा पर्याय आहे.

एका चौकटीने काम झालं नाही तर थांबू नका. सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तीन चौकटी देऊन पाहा. खोटा व्हिडिओ अनेकदा दोन-तीन ठिकाणचे तुकडे जोडून केलेला असतो, त्यामुळे पहिली चौकट एका देशातली आणि शेवटची दुसऱ्या देशातली निघू शकते. तरीही नाही सापडलं तर चित्र आरशातल्यासारखं उलटवून पुन्हा द्या. मूळ ओळखू येऊ नये म्हणून डावं-उजवं करून टाकणं ही जुनी चलाखी आहे. व्हिडिओतल्या दुकानाची पाटी किंवा गाडीचा नंबर उलटा दिसत असेल तर ही खात्रीची खूण समजा.

चित्राने धागा हाती लागला की शब्दांनी तो ओढायचा. पाकिस्तान किंवा कराची असा उल्लेख कुठे दिसला, तर शोधात ते शब्द टाका आणि तारखेची अट घाला. गूगलमध्ये असं लिहिता येतं:

```
karachi child kidnapping video before:2018-07-01
```

या अटीमुळे 1 जुलै 2018 च्या आधीचीच पानं समोर येतात. ज्या दिवशी घटना घडली असं तुम्हांला सांगितलंय त्याच्या आदल्या दिवशीची तारीख या जागी टाकायची. घटना काल घडली म्हणतात आणि व्हिडिओ दोन वर्षांपूर्वीच्या पानावर आहे, तर प्रश्न तिथेच मिटला.

शेवटची पायरी सगळ्यांत महत्त्वाची. मूळ सापडलं की ते पूर्ण पाहा, शेवटपर्यंत, आवाजासकट. तुमच्याकडे आलेल्या तुकड्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं ते बघा. कराचीच्या व्हिडिओत सगळा उलगडा शेवटच्या काही सेकंदांत होता. मूळ पान नुसतं सापडलं म्हणून जो समाधान मानेल, त्याच्या हातून तो फलक निसटेल.

हे सगळं लिहायला लांबलचक झालं, पण हाताला वळण पडलं की फारसा वेळ लागत नाही.

सापडलं तर काय, नाही सापडलं तर काय

इथे एक साधा तर्क आहे आणि तो उलटा लावला की मोठी गफलत होते. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत गुजरातमधल्या हजीरा बंदरावर हल्ला झाल्याचा व्हिडिओ फिरला. आगीचे लोळ, धूर, सगळं खरं. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने, म्हणजे पीआयबीने, दाखवून दिलं की तो तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा 7 जुलै 2021 चा व्हिडिओ आहे. हल्ला झाला होता की नाही यावर वाद घालायची गरजच उरली नाही. 2021 मध्ये टिपलेलं चित्र 2025 ची घटना दाखवू शकत नाही.

म्हणजे जुनी प्रत सापडली तर दावा पडतो. पण सापडली नाही तर दावा सिद्ध होत नाही. हा फरक घट्ट धरून ठेवा. न सापडण्याची साधी कारणं असतात. चित्र आजच टिपलेलं असेल आणि शोधयंत्रापर्यंत पोहोचलं नसेल. मूळ एखाद्या खासगी खात्यावर असेल. चित्र इतक्या वेळा दाबून लहान केलेलं असेल की जुळणीच होत नसेल. अशा वेळी “शोधलं, काही निघालं नाही, म्हणजे खरं” असं म्हणणं चूक. तुमच्याकडे उत्तर नाही, आणि उत्तर नसेल तर पाठवायचं नाही.

तारखेबाबतही जपून. पानावरची तारीख ही चित्र टाकल्याची असते, टिपल्याची नाही. 2021 च्या पानावर दिसलेलं चित्र 2021 च्या आधीचंही असू शकतं. म्हणून “हे 2021 चं आहे” असं ठामपणे म्हणण्याआधी आणखी मागे काही मिळतं का पाहा. आणि फोटोतली तारीख-ठिकाणाची आतली नोंद तपासू म्हणाल, तर व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ती नोंद निघून गेलेली असते. तिथे शोधून हाती काही लागत नाही.

चेहरा बदलला, आवाज बदलला

तुमच्यातल्या कुणाला वाटेल की ही सवय जुन्या व्हिडिओंपुरती ठीक, पण डीपफेकचं काय? तिथे चेहराच बनावट असतो.

डीपफेकलाही बहुतेक वेळा कच्चा माल लागतो. कुणाच्या तरी खऱ्या व्हिडिओवर दुसऱ्याचा चेहरा चढवायचा किंवा दुसरा आवाज घालायचा, ही त्याची नेहमीची रीत. म्हणजे खाली मूळ व्हिडिओ असतोच. नोव्हेंबर 2023 मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना लिफ्टमध्ये शिरतानाचा एक व्हिडिओ सगळीकडे पसरला. तथ्यपडताळणी करणाऱ्या पत्रकाराने मूळ शोधलं. ते एका ब्रिटिश-भारतीय तरुणीने 9 ऑक्टोबर 2023 ला स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकलेलं होतं. तोच लिफ्ट, तेच कपडे, त्याच हालचाली, फक्त चेहरा तिचा. दोन्ही शेजारी ठेवले की चर्चेला जागा राहत नाही. बनावट व्हिडिओ सेकंद-सेकंद थांबवत पाहिला तर अगदी सुरुवातीला, लिफ्टच्या दारात, मूळ तरुणीचा चेहरा निसटता दिसतोही आणि मग तो रश्मिकाचा होतो. पण ही खूण कळायला आधी कुठे पाहायचं ते माहीत असावं लागतं. मूळ सापडल्यावर ते आपोआप कळतं. पुढे जानेवारी 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्र प्रदेशातून एकाला अटक केली.

आवाजाचं प्रकरण थोडं अवघड. चित्रासारखा आवाज देऊन शोधायची सोय आपल्या रोजच्या फोनवर नाही. पण बनावट आवाज बहुधा खऱ्या चित्रावर घातलेला असतो, आणि चित्र शोधता येतं. एप्रिल 2024 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, आमीर खान राजकीय टीका करतोय असा व्हिडिओ आला. त्याच्या कार्यालयाने जाहीर केलं की तो बनावट आहे. ते चित्रण सुमारे दहा वर्षांपूर्वीच्या ‘सत्यमेव जयते’ या त्याच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीतलं होतं. पोशाख तोच, पार्श्वभूमी तीच, हातवारे तेच, शब्द वेगळे. अशा व्हिडिओची एक चौकट शोधात टाकली की जुनी जाहिरात समोर येते, मग दोन्हींचा आवाज एकापाठोपाठ एक ऐकायचा. चित्र तंतोतंत जुळतंय आणि बोलणं जुळत नाही, तर दोन्हींपैकी एक बनावट. जी प्रत वर्षानुवर्षं जुनी आहे ती अर्थातच नव्या आवाजाची नाही.

चित्राचाही पत्ता लागत नसेल, तर ज्याच्या तोंडी शब्द घातलेत त्या माणसाचं स्वतःचं अधिकृत खातं हे मूळ समजा. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर एका मोबाइल गेमची जाहिरात करतोय आणि आपली मुलगी त्यातून पैसे कमावते असं सांगतोय, असा व्हिडिओ फिरला. सचिनने स्वतःच्या खात्यावरून तो बनावट असल्याचं सांगितलं. एखादा एवढा मोठा माणूस पैसे कमावण्याची युक्ती सांगतोय आणि त्याच्या स्वतःच्या पानावर त्याचा मागमूस नाही, तर त्या व्हिडिओला मूळ नाही असंच समजायचं.

मूळच नसेल तर?

आता राहिला तो शेवटचा प्रकार: कशावरही न बेतलेलं, कृत्रिम बुद्धिमत्तेने अथपासून इतिपर्यंत तयार केलेलं चित्र. त्याखाली खरा व्हिडिओ नसतो. पण पहिली जागा तरी असते. मार्च 2023 मध्ये पोप फ्रान्सिस पांढराशुभ्र, फुगीर, फॅशनेबल कोट घालून चाललेत असा फोटो जगभर गेला. मोठमोठी माणसं फसली. कुणी त्याचा माग काढला तर तो जात होता अशा गटांकडे, जिथे लोक ‘मिडजर्नी’सारख्या साधनांनी केलेली चित्रं एकमेकांना दाखवतात. तिथे कुणी तो फोटो खरा म्हणून टाकलाच नव्हता. त्या गटातून बाहेर पडताना “हे बनवलेलं आहे” एवढी ओळख मागे राहिली.

इथे प्रश्न थोडा बदलतो. “मूळ कुठे” च्या जोडीला “सर्वांत आधी टाकणारा कोण, आणि तो एरवी काय टाकतो” असं विचारायचं. सगळ्यांत जुन्या पोस्टवर जा, त्या खात्याच्या आधीच्या पंधरा-वीस पोस्ट चाळा. तिथे समुद्रात पोहणारे हत्ती आणि सोन्याचे राजवाडे असतील तर काम झालं. आणि घटना मोठी असेल, तर ती एकाच कॅमेऱ्यात कशी सापडेल? भर चौकात पूल कोसळला तर वीस माणसं वीस बाजूंनी व्हिडिओ काढतात. एकाच कोनातली एकच चित्रफीत सगळीकडे असेल आणि दुसरा कोन कुठेच नसेल, तर थांबा.

या प्रकारात मात्र सवयीची खरी मर्यादा दिसते. ताजा, पहिल्यांदाच बनवलेला, अनोळखी खात्यावरून आलेला व्हिडिओ तुम्ही घरबसल्या खोटा सिद्ध करू शकणार नाही. ते तुमचं कामही नाही. तथ्यपडताळणी करणाऱ्यांकडे साधनं आणि वेळ असतो, त्यांना करू द्या. केंद्र सरकारशी संबंधित दावा असेल तर पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाला 8799711259 या क्रमांकावर व्हॉट्सअॅप करता येतं, पण त्यांचं काम केंद्र सरकारच्या योजना आणि निर्णयांबद्दलच्या दाव्यांपुरतं असतं, शेजारच्या गावातल्या अफवेचं नाही. गावात खरंच कुणी मूल पळवत असेल तर ती माहिती ग्रुपवर नाही, 112 वर द्यायची.

तुमच्या रोजच्या उपयोगाचं

हीच सवय साध्या कागदांनाही लागते आणि तिथे ती आणखी सोपी होते, कारण मूळ कुठे असतं ते आधीच माहीत असतं. दहावी-बारावीच्या परीक्षांचं वेळापत्रक घ्या. राज्य मंडळ दर वर्षी सांगतं की व्हॉट्सअॅपवर आलेलं किंवा खासगी संकेतस्थळावरचं वेळापत्रक धरू नका, छापील वेळापत्रकच अंतिम. कारण ग्रुपवर कधी मागच्या वर्षीचं फिरतं, कधी कुणी तारखा बदललेलं. तिथे मंडळाचा शिक्का आहे का, सही आहे का, हे बघत बसू नका. शिक्का चिकटवायला काही लागत नाही. mahahsscboard.in उघडा आणि शाळेच्या फलकावरचं पाहा. दोन्हीकडे तेच असेल तर ते वेळापत्रक.

पावसाळ्यात “उद्या शाळांना सुट्टी” असं जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचं पत्र येतं, तेव्हाही हेच करायचं. पत्रावरची तारीख आधी वाचा, गेल्या पावसाळ्यातलं पत्र पुन्हा फिरणं अगदी नेहमीचं. मग जिल्हा प्रशासनाच्या पानावर ते आहे का पाहा. एखाद्या वृत्तवाहिनीच्या नावाची ब्रेकिंगची पाटी आली, तर त्या वाहिनीच्या स्वतःच्या पानावर तीच पाटी शोधा. नक्कल करणारे बोधचिन्ह बरोबर उचलतात, पण अक्षराचं वळण आणि शुद्धलेखन बहुधा चुकतं. तरी भरवसा चुकांवर ठेवू नका, मूळ पानावर ठेवा.

काकांना कसं सांगायचं?

शेवटी एक अडचण राहते, आणि ती तुम्हांला तंत्रापेक्षा जड जाणार आहे. मूळ तुम्हांला सापडलं, पण घरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकलाय काकांनी. सगळ्यांसमोर “हे फेक आहे” असं लिहिलं की काका दुखावतात, चूक कबूल करत नाहीत, आणि “आजकालची मुलं” यावर गाडी जाते. व्हिडिओ तसाच राहतो.

तिथेही मूळच कामाला येतं. तुमचं मत लिहू नका, मूळ द्या. कराचीच्या व्हिडिओबाबत असं लिहिता येईल: “काका, हा व्हिडिओ मीही पाहिला आणि घाबरलो. शोधल्यावर कळलं की तो 2016 चा, कराचीतल्या जाहिरातीचा आहे. पूर्ण व्हिडिओत शेवटी मुलाला परत आणून सोडतात. हा बघा.” आणि पूर्ण व्हिडिओची लिंक. यात काकांना खोटं ठरवलेलं नाही, त्यांच्या भीतीची टर उडवलेली नाही, आणि ज्याला पाहायचंय त्याला सगळं पाहता येतं. शक्य असेल तर हे आधी काकांना एकट्याला पाठवा. म्हणजे “अरे, हे जुनं निघालं” असं ग्रुपवर ते स्वतःच लिहितील, आणि त्यांचं ऐकणारी माणसं तुमचं ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त असतात.

लिंक देताना एक पथ्य पाळा. खोटा व्हिडिओ “हे खोटं आहे” असं वर लिहून पुन्हा टाकू नका. तुमची ओळ पुढच्या फॉरवर्डमध्ये गळून पडते आणि व्हिडिओ तेवढा पुढे जातो. पाठवायचं ते फक्त मूळ.